ज्याची लिंक, त्यालाच उघडते

माझी एक मैत्रीण रिक्रूटर आहे. आमची ऑफिसं हिंजवडीत जवळजवळच असल्यामुळे संध्याकाळी बऱ्याचदा एकाच कॅबने कोथरूडला येतो. वाकडच्या पुलाजवळ गाडी अडकली की ती फोन काढून दिवसभराचे उरलेले मेल बघायला घेते. मान खाली आणि अंगठा वर, खाली, वर. मी शेजारी बसून, बघायचं नाही असं ठरवूनही, बघत असते. त्या दिवशी ती जावा बॅकएंडच्या जागेसाठी आलेले मेल चाळत होती. एका मुलाचा मेल चांगला लांबलचक होता. तिने तो खालपर्यंत सरकवला, मधली एक निळी लिंक दाबली, आणि स्क्रीनवर गिटहबचं ते ओळखीचं पान आलं: 404. "लिंक मेलेली आहे," ती म्हणाली आणि मागे जाऊन पुढचा मेल उघडला. सगळं मिळून माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून बंद होण्याइतकाही वेळ गेला नसेल.

मी म्हटलं, "अगं, मेलेली नाहीये ती. त्याने रेपो प्रायव्हेट ठेवलाय, म्हणून तुला तसं दिसतंय." ती म्हणाली, "मग उघडा ठेवायचा ना. मी काय करू?" "कळव की त्याला एका ओळीत." यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तिचंही चुकत नव्हतं. तिच्या इनबॉक्सवरचा आकडा मला दिसत होता.

पण तो मुलगा काही डोक्यातून जाईना. समजा, त्याच रात्री त्याला शंका आली, त्याने आपल्या 'सेंट'मधला तो मेल उघडला आणि तीच लिंक दाबून बघितली, तर ती उघडणार. छान उघडणार, फोल्डर, फाइली, सगळं जागच्या जागी. कारण तो स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःच्या खात्यात लॉगिन असतो. त्याने शंभर वेळा तपासली तरी शंभर वेळा ती उघडेल, आणि जिच्यासाठी पाठवली तिला एकदाही उघडणार नाही. बरं, गिटहब तिला "हा कोड खासगी आहे" असंही सांगत नाही. परवानगी नसलेल्या माणसाला असा रेपो आहे हेसुद्धा कळू नये म्हणून ते मुद्दाम 'सापडलं नाही' असं उत्तर देतं. माणूस आत बसलेला असताना दारातूनच "इथे असं कुणी राहत नाही" म्हणून सांगावं, तसं. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण रिक्रूटरला 404 म्हणजे काय वाटणार? या मुलाने चुकीचा पत्ता दिला, किंवा मुळात काही केलेलंच नाही.

पूर्वी हे इतकं होत नसे. गिटहबवर फुकट खातं असेल तर रेपो सगळ्यांना दिसणाराच ठेवावा लागायचा, प्रायव्हेट हवा तर पैसे मोजा. 2019च्या जानेवारीत त्यांनी फुकट खात्यांनाही प्रायव्हेट रेपो दिले. चांगलीच सोय झाली. मात्र तेव्हापासून पोरं नवीन रेपो करताना सावधपणे 'प्रायव्हेट'वर टिचकी मारतात, "पूर्ण झाला की उघडा करू" म्हणतात, आणि प्रोजेक्ट पूर्ण झाल्याचा दिवस काही कुणाच्या आयुष्यात येत नाही.

मी स्वतः गेली काही वर्षं मुलाखतीच्या दुसऱ्या टोकाला बसते. म्हणजे मैत्रिणीसारख्या कुणीतरी गाळून पुढे पाठवलेल्या उमेदवारांचा कोड बघायचा आणि त्याला बोलवायचं की नाही ते सांगायचं. त्यामुळे मला वाटायचं की ही साखळी मला माहीत आहे. त्या कॅबमध्ये बसून कळलं की मला फक्त शेवटची कडी माहीत होती. मग मी तिला विचारत गेले. मेल आल्यावर नक्की काय करतेस? ती काय करते, तर मेल वाचतच नाही. म्हणजे आपण ज्याला वाचणं म्हणतो तसं नाही. तिच्याकडे एक एक्सेलची शीट असते: नाव, अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षा, नोटीस पिरियड, लोकेशन, आणि शेवटी 'लिंक' नावाचा एक रकाना. मेलमधून एकेक गोष्ट उचलून ती त्या रकान्यांत टाकते. जे सापडत नाही तो रकाना रिकामा. मग त्यातल्या बऱ्या वाटणाऱ्या ओळी ती मॅनेजरला टीम्सवर किंवा सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. मूळ मेल तिथेच राहतो. "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम"पासून "युअर्स फेथफुली"पर्यंत जे काही त्या मुलाने रात्री जागून लिहिलं, त्यातलं पुढे जातं ते तिने उचललेलं तेवढंच.

म्हणजे मेल दोघांना लिहायचा असतो. जिला लिहिलाय तिला कोड वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो त्याला मेल कधी दिसत नाही.

हे एकदा लक्षात आल्यावर मला आठवण झाली ती काळ्या बुकाची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट, काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला, वर सोनेरी अक्षरं. बाइंडिंगवाल्याकडे रांग लावून, डिंकाचा वास अंगाला चिकटवून घेऊन आम्ही ते चार प्रतींत करून आणलं होतं. सोबत सीडी, तिच्यावर मार्करने लिहिलेलं गटाचं नाव. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी बुक हातात घेतलं, वजन बघितल्यासारखं केलं, ऋणनिर्देशाचं पान उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "चालवून दाखवा." सीडी कुणी मागितलीच नाही. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं असं की आजचे मेल म्हणजे अजून ते बुकच चाललंय, फक्त रेक्झिन गेलं. ती म्हणते त्यात तथ्य आहे, पण मला त्या बुकाबद्दल थोडी माया आहे हेही खरं. तेवढी पानं भरताना आपण काय केलं ते आपल्यालाच पहिल्यांदा समजलं होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी भाचा जेवायला आला. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, सांगलीचा, पुण्यात एका आयटी कंपनीत 2 वर्षं झाली, आता बदलायची म्हणतोय. जेवण झाल्यावर त्याने लॅपटॉप काढला. "मावशी, तुझ्या मैत्रिणीच्या कंपनीत जागा निघालीय. मेल लिहिलाय, एकदा बघशील?" मी बघितला. सुरुवातीला आदर, मग शिक्षण दहावीपासून, मग आपण मेहनती आणि टीममध्ये मिसळून राहणारे आहोत याबद्दल एक परिच्छेद, आणि खाली लिंका. लिंक्डइन, गिटहबचं प्रोफाइल, कोडिंगच्या सरावाच्या दोन साइटी, सर्टिफिकेटांचं ड्राइव्ह फोल्डर, पोर्टफोलिओ, रेझ्युमे परत एकदा ड्राइव्हवर, आणि दोन प्रोजेक्ट. सगळ्या 'इथे बघा', 'इथे क्लिक करा' अशा निळ्या शब्दांमागे लपवलेल्या. मी त्याला तो सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायला सांगितलं. चिकटवल्यावर स्क्रीनवर उरलं ते एवढंच: इथे बघा, इथे क्लिक करा, इथे बघा. पत्ता एकाचाही नाही. तो जरा वेळ बघतच राहिला. मैत्रिणीच्या शीटमध्ये त्याच्या लिंकच्या रकान्यात नेमकं हेच गेलं असतं.

मग मी त्याला क्रोममध्ये Ctrl+Shift+N दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडायला लावली आणि म्हटलं, आता एकेक लिंक त्यात टाक. तिथे तू कुणीच नाहीस. ड्राइव्हच्या फोल्डरने परवानगी मागितली. त्याच्या तोंडून निघालं, "पण जीमेल तर पाठवताना विचारतं ना, अ‍ॅक्सेस द्यायचा का म्हणून." विचारतं, खरं आहे. पण तिथे घाईत फक्त समोरच्या पत्त्याला परवानगी दिली, तर ती मैत्रिणीला मिळते. मैत्रिणीने पुढे मॅनेजरला धाडली की त्याला परत कुलूप. ड्राइव्हवरचं काही पाठवायचंच असेल तर 'लिंक असलेल्या कुणालाही' हे निवडावं लागतं, आणि ते निवडायची आपली तयारी नसेल तर ते पाठवूच नये. पोर्टफोलिओची साइट उघडलीच नाही. ती कॉलेजात असताना हेरोकूवर टाकलेली होती, आणि हेरोकूने 2022च्या नोव्हेंबरअखेर फुकटची सेवा बंद केली. गडी रेझ्युमेत मात्र तीच लिंक मिरवत होता. आणि त्याचा मुख्य प्रोजेक्ट उघडताना तेच पान समोर आलं. ज्यांना टर्मिनलच्या काळ्या खिडकीत बघायला आवडतं त्यांना ते असंही बघता येतं:

```
curl -I https://github.com/<username>/vachanalay
HTTP/2 404
```

मला वाटलं आता तो कपाळावर हात मारून सेटिंग बदलेल. तो म्हणाला, "हा प्रायव्हेटच ठेवलाय. मुद्दाम."

हा प्रोजेक्ट मला माहीत होता, कारण त्याचं मूळ आमच्याच घरात आहे. माझे वडील सांगलीतल्या एका छोट्या वाचनालयाच्या कमिटीवर आहेत. तिथली पुस्तकांची देवघेव रजिस्टरमध्ये चालायची, आणि दंडावरून रोज वाद. नातवाने आजोबांसाठी दोन उन्हाळ्यांत मिळून ते कॉम्प्युटरवर आणलं. तिथल्या बाई आता ते रोज वापरतात आणि वादही रोजच करतात, पण हिशोब बरोबर असतो. तर सुरुवातीला त्याने सभासदांची खरी यादीच चाचणीसाठी वापरली होती. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं एका सीएसव्ही फाइलमध्ये, आणि ती फाइल रेपोमध्ये. म्हणून तो प्रायव्हेट. मला एकदम कॅबमधला तो अनोळखी मुलगा आठवला. आपण त्याला मनातल्या मनात वेंधळा ठरवून मोकळे झालो. त्याच्याही रेपोमध्ये असं काही असेल तर?

भाच्याला वाटत होतं, फाइल डिलीट करून कमिट केलं की झालं. तसं होत नाही. गिट जुन्या कमिटमध्ये ती फाइल जशीच्या तशी धरून ठेवतं, आणि बघणाऱ्याने हिस्टरी उघडली की सांगलीतल्या सगळ्या वाचकांचे मोबाइल नंबर हाताशी. सोपा उपाय म्हणजे आजचा कोड नव्या फोल्डरमध्ये टाकून एकाच कमिटचा रेपो करणं. पण त्याला मी नको म्हटलं. कोड बघायला बसते तेव्हा मी पहिल्यांदा हिस्टरीच बघते. एकाच दिवशी, एकाच कमिटमध्ये आख्खा प्रोजेक्ट आला असेल तर तो कुणाचा आहे ते सांगता येत नाही. उलट, "दंड रविवारीही लागत होता, दुरुस्त" अशी एखादी कमिटची ओळ दिसली की समजतं, इथे माणसाने काम केलंय. त्यामुळे ती फाइल तेवढी मागच्या सगळ्या इतिहासातून काढून टाकायची, बाकीचा इतिहास ठेवायचा. त्यासाठी `git filter-repo` नावाचं वेगळं साधन उतरवून घ्यावं लागतं. आधी रेपोची ताजी प्रत क्लोन करून घ्यायची आणि मग त्या प्रतीवर:

```
git filter-repo --path data/sabhasad.csv --invert-paths
git log --all -- data/sabhasad.csv
```

पहिली ओळ ती फाइल प्रत्येक कमिटमधून वगळून इतिहास नव्याने रचते. दुसरी ओळ फक्त खात्री करण्यासाठी: काहीच छापून आलं नाही, तर त्या नावाची फाइल आता कुठेही नाही. ती कधी दुसऱ्या नावाने ठेवली असेल तर ते नाव वेगळं शोधावं लागतं, आणि भाच्याच्या बाबतीत तसं एक निघालंही. तेही तसंच काढून झाल्यावर जुन्या रेपोला हात न लावता, नवा रिकामा पब्लिक रेपो करून त्यात ढकललं. जुना जसा होता तसा प्रायव्हेट राहू दिला. चाचणीसाठी खोटी नावं भरली, त्यात आजोबांनी फोनवरून सुचवलेली काही होती, ती कुणाची थट्टा आहे हे सांगलीकरांना कळेल, पुणेकरांना नाही.

इथे दुपार संपली होती. चहा झाला आणि भाच्याने खरा प्रश्न विचारला. "मावशी, माझं खरं काम तर ऑफिसातलं आहे. बँकेच्या प्रोजेक्टवर. हे वाचनालय म्हणजे घरगुती. ते कसं दाखवू?" ते दाखवायचं नाही. हा प्रश्न सर्व्हिस कंपनीतल्या प्रत्येक मुलाला पडतो, आणि काही जण त्याचं उत्तर असं काढतात की ऑफिसातला कोड घरी आणून, नावं बदलून, आपल्या खात्यावर टाकतात. आम्हाला ते समजतं. पॅकेजच्या नावात कुठेतरी क्लायंट राहून जातो, नाहीतर कॉमेंटमध्ये तिकिटाचा नंबर असतो. असं दिसलं की मी तिथेच थांबते. आज क्लायंटचा कोड मला दाखवणारा उद्या आमचा दुसऱ्याला दाखवेल, एवढाच विचार. ऑफिसच्या कामाबद्दल मेलमध्ये एक वाक्य पुरतं: कशावर काम करतो आणि तो कोड का दाखवता येत नाही. हे वाक्य वाचून मला तरी उलट बरं वाटतं.

राहिला प्रश्न वाचनालयाचा प्रोजेक्ट दाखवायचा कसा. त्याची एक चालू प्रत त्याने रेंडरच्या फुकट सर्व्हरवर ठेवली होती आणि तीच लिंक पहिली द्यायची त्याची इच्छा होती. साहजिक आहे, आपलं काम हलताना दिसावं असं कुणाला वाटणार नाही? पण हा फुकट सर्व्हर 15 मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपतो, आणि पुढच्या माणसाने दार ठोठावलं की उठायला मिनिटभर घेतो. जावाचा प्रोग्राम असेल तर अजून जास्त. आम्ही तो फोनवर उघडून बघितला आणि पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसलो. मिनिट किती लांब असतं ते असं बघत बसल्याशिवाय समजत नाही. माझ्या मैत्रिणीने बाटलीच्या झाकणाच्या वेळात निकाल लावला होता. तिच्यासाठी तो सर्व्हर मेलेलाच. शिवाय आत गेल्यावर लॉगिन. त्याऐवजी त्याने स्क्रीन रेकॉर्ड करून 2 मिनिटांचा व्हिडिओ केला: पुस्तक दिलं, उशिरा परत आलं, दंड लागला, पावती निघाली. यूट्यूबवर टाकताना 'अनलिस्टेड' ठेवला. 'प्रायव्हेट' ठेवला असता तर परत पहिले पाढे पंचावन्न, कारण तो फक्त बोलावलेल्या गूगल खात्यांनाच दिसतो.

मला मात्र एक वेगळीच हौस होती. मी म्हटलं, बघणाऱ्याला अख्ख्या रेपोत का फिरवतोस, दंड मोजणारा भाग तुझ्या प्रोजेक्टचा जीव आहे, थेट त्याच ओळींची लिंक दे. गिटहबवर ओळीच्या नंबरवर क्लिक करून, शिफ्ट धरून दुसऱ्या ओळीवर क्लिक केलं की तेवढ्याच ओळी पिवळ्या होतात आणि पत्त्याच्या शेवटी `#L18-L52` असं काहीतरी लागतं. ती लिंक आम्ही मेलमध्ये टाकली. त्यानंतर त्याने त्याच फाइलमध्ये वर दोन ओळी वाढवल्या, आणि लिंक भलत्याच ओळींवर जाऊन बसली, कारण ती `main` या ब्रँचवरची, म्हणजे आजच्या अवस्थेची होती. यावर इलाज आहे: फाइल उघडलेली असताना कीबोर्डवर `y` दाबलं की पत्त्यात ब्रँचच्या नावाऐवजी त्या विशिष्ट कमिटचा क्रमांक येतो, आणि मग कोड पुढे कितीही बदलला तरी ती लिंक हलत नाही. पण तो क्रमांक 40 अक्षरांचा. त्यात जावाच्या फोल्डरांत फोल्डर. मेलमध्ये त्या पत्त्याने अडीच ओळी खाल्ल्या. मी मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना म्हणून पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "हे मी दाबणार नाही. व्हायरस वाटतोय."

तेव्हा ती लिंक मेलमधून काढली आणि रेपोच्या रीडमीत नेली. कारण ती हवी होती माझ्यासारख्याला, आणि माझ्यासारखा माणूस रीडमीपर्यंत येतोच. रीडमीची सुरुवात त्याने आधी 'इन्स्टॉलेशन'पासून केली होती. ती बदलून वर तीन-चार वाक्यं आली: हे काय आहे, कोण वापरतं, वेळ कमी असेल तर दंड मोजणारी ही फाइल बघा (इथे ती 40 अक्षरांची लिंक), आणि अजून काय जमलेलं नाही. हे शेवटचं लिहायला तो तयार नव्हता. "आपणच कशाला सांगायचं?" म्हणाला. वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी त्याने दंडातून वगळली होती, पण दिवाळीसारख्या सलग सुट्ट्या हाताने भराव्या लागत होत्या. मी म्हटलं, लिही. नाही लिहिलंस तर तो शोधेल, आणि त्याला वाटेल तुला माहीतच नव्हतं. कुरकुर करत लिहिलं.

मेल इंग्रजीतच गेला, तसाच जातो. पण मराठीत सांगायचं तर तो शेवटी असा झाला:

> विषय: जावा बॅकएंड, 2 वर्षे, पुणे – कोड आणि रेझ्युमे
>
> नमस्कार मॅडम,
>
> आपल्या जावा बॅकएंडच्या जागेसाठी अर्ज करत आहे. 2 वर्षे स्प्रिंग बूटवर काम. सध्या एका बँकेसाठी व्याज-आकारणीचे एपीआय सांभाळतो. तो कोड क्लायंटचा असल्याने दाखवता येत नाही.
>
> स्वतःचे काम: वाचनालयाची देवघेव आणि दंड-आकारणी. सांगलीतले एक वाचनालय रोज वापरते.
>
> कोड: https://github.com/<username>/vachanalay
>
> व्हिडिओ, 2 मिनिटे: https://youtu.be/<video-id>
>
> दोन्ही लिंक लॉगिनशिवाय उघडतात.
>
> नोटीस 90 दिवस. सध्याचा आणि अपेक्षित सीटीसी रेझ्युमेच्या पहिल्या पानावर. रेझ्युमे पीडीएफ जोडला आहे.

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बाकी काही नाही. लिंक प्रत्येकी आपापल्या ओळीवर, पूर्ण पत्त्यासकट, आणि शेवटी पूर्णविराम न देता. तो पूर्णविराम कधीकधी पत्त्यालाच चिकटतो आणि मग परत 404. विषयात सगळ्यात आधी जागेचं नाव, कारण फोनवर विषयाची ओळ अर्ध्यात तुटते आणि मैत्रिणीला तुटलेल्या ओळीतून कळायला हवं की हा जावावाला आहे. "स्वतःच्या कामाबद्दलचं ते मधलं वाक्य," मैत्रीण नंतर म्हणाली, "मी जसंच्या तसं उचललं." म्हणजे 'स्वतःचे काम'पासून 'रोज वापरते'पर्यंत. तिला त्यातलं काही तपासायचं नव्हतं, फक्त मॅनेजरला काय लिहावं याचा विचार तिला करावा लागला नाही.

सरावाच्या साइटी आणि सर्टिफिकेटं काढताना भाच्याला वाईट वाटलं होतं. मलाही थोडं वाटलं, कारण त्यातल्या एका साइटवर त्याने खरोखर रात्री-रात्री प्रश्न सोडवले आहेत. ते रेझ्युमेत एका ओळीत राहिले. कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या मुलाला मी कदाचित वेगळं सांगितलं असतं, त्याच्याकडे ती सर्टिफिकेटंच असतात. आणि डिझाइनवाल्यांचं गणित तर निराळंच, तिथे पोर्टफोलिओ हेच काम, तो आधी दिसलाच पाहिजे. बॅकएंडवाल्याचं काम मुळात न दिसणारं, म्हणून त्याला एखादं वाक्य जास्त लिहावं लागतं.

मेल गेला तेव्हा मी मैत्रिणीला काही बोलले नाही, आणि भाचा आहे हेही आधी सांगितलं नाही. नंतर सांगितलं तेव्हा ती रागावली. तिच्याकडून पुढे गेलेल्या ओळीवर मॅनेजरने व्हिडिओ बघितला नाही, सरळ रीडमी उघडलं, आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न दिवाळीच्या सुट्ट्यांवर विचारला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पुस्तक परत करायची तारीख येत असेल तर ती पुढे ढकलणार का, आणि ढकलली तर आधीच छापलेल्या पावतीचं काय? भाचा सांगतो की त्यावरच बराच वेळ गेला, फळ्यावर तारखा लिहून. मध्येच मॅनेजर म्हणाले की त्यांच्या आईच्या वाचनालयात हा वाद ते लहानपणापासून ऐकत आले आहेत.

निकाल अजून आलेला नाही. मैत्रिणीकडून त्याला आलेल्या मेलमध्ये प्रोजेक्टबद्दल अवाक्षर नाही, फक्त एक ओळ आहे: नोटीस 90 दिवसांची आहे, बायआउटची शक्यता आहे का? भाचा सध्या ऑफरची वाट न बघताच बेसिक पगाराला 30ने भागत बसलाय, आणि आजोबा फोनवर विचारतायत की दिवाळीच्या सुट्ट्यांचं ते कधी करणार आहेस.